कोंदण, नखं आणि दोन भिंती

एखादी गोष्ट योग्य जागी चपखल बसली, की आपण मराठीत म्हणतो, हिऱ्याला सोन्याचं कोंदण लाभलं. लग्नपत्रिकेपासून निरोप समारंभाच्या भाषणांपर्यंत हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालंय, की कोंदण ही हाताने करायची एक ठराविक वस्तू आहे, तिला कृती आहे आणि मर्यादाही आहेत, हे आपण विसरूनच गेलोय. आज लक्ष्मी रोडवर अंगठी घ्यायला गेलात तर समोरचा माणूस विचारतो, "प्रॉंगमध्ये दाखवू, बेझल की चॅनेल?" आणि आपण तीनही घालून बघतो, जी बोटावर बरी दिसते ती घेतो. वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी लक्षात येतं की खडा हलतोय. किंवा खडा नाहीच, नुसती जागा उरलीय.

हे तीन प्रकार तीन वेगवेगळ्या काळांत रुळले. प्रत्येकाच्या मागे एक गृहीतक होतं: ही अंगठी घालणारा हात काय काम करणार आहे? आपण इंजिनियर लोक ज्याला 'रिक्वायरमेंट' म्हणतो, तेच. घोळ असा, की रिक्वायरमेंट बदलली तरी डिझाइन तसंच वापरात राहतं. तर आजचा शनिवार या तीन बैठकींच्या इतिहासावर.

सुरुवात कोंदणापासून. कोंदण आणि कुंदन हे शब्द भावंडंच. अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या 'आइने-अकबरी'त रत्नं जडवणाऱ्या कारागिरांबद्दल सांगताना मुद्दाम नोंदवलंय, की इतर देशांत खडा बसवायची रीत वेगळी, हिंदुस्थानात मात्र हे काम कुंदनाने होतं. कुंदन म्हणजे अतिशुद्ध सोनं, आपल्या भाषेत चोवीस कॅरेट.

कृती अशी. सोनार आधी दागिन्याचा पोकळ सांगाडा करतो. त्यात लाख भरतात. लाख गरम करून मऊ झाली की खड्याची जागा करून, तिथे चकचकीत पातळ वर्ख ठेवून त्यावर खडा बसवतात. मग शुद्ध सोनं ठोकून ठोकून त्याच्या पातळ पट्ट्या करतात, आणि त्या पट्ट्या खड्याच्या कडेभोवती पोलादी हत्याराने दाबत जातात. एकावर एक. इथे भट्टी नाही, डाग देणं नाही, काही वितळवणंही नाही. शुद्ध सोन्यावर गंज चढत नाही, त्यामुळे दोन स्वच्छ पृष्ठभाग दाबाने एकमेकांना भिडले की ते एकजीव होतात. सोन्यात तांबं असेल तर पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येतो आणि ही गंमत नीट जमत नाही. म्हणजे सोन्याचा मऊपणा, ज्याला आपण दोष समजतो, तोच या सगळ्या पद्धतीचा पाया आहे.

यातून जी कड तयार होते ती खड्याला चहूबाजूंनी धरते. वर टोकं नाहीत, कपड्यात अडकायला काही नाही. मुघल दरबारातल्या तिरंदाजीच्या अंगठ्या यासाठी बघण्यासारख्या आहेत. धनुष्याची दोरी अंगठ्याने ओढायची, म्हणून अंगठ्यात जेडची जाड अंगठी घालत. तिच्यातल्या शोभेच्या प्रकारांत माणकं आणि पाचू कुंदनाने असे बसवलेले असतात, की खडे पृष्ठभागाशी जवळजवळ सपाट राहतात. दोरी सरकली तरी खड्याला अडत नाही. हाताच्या कामाचा विचार करून खडा बसवणं म्हणजे काय, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण बाकीच्या कोंदणात एक मोठी मेख आहे. वरून ते भक्कम दिसतं, आणि खाली काय आहे? लाख. लाख साधारण ६५-७० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडायला लागते. कुठे फट राहिली आणि पाणी आत गेलं, की मागचा वर्ख काळवंडतो आणि खडा एकाएकी मेल्यासारखा दिसायला लागतो. चोवीस कॅरेटची कड जोरात आपटली तर दबते. पेशवाईतल्या पुण्यात याने काही बिघडत नव्हतं, कारण ज्याच्या बोटात असा खडा असे, त्याच्या घरी भांडी घासायला दुसरे हात असत. दागिना समारंभाला बाहेर निघायचा आणि परत पेटीत जायचा. ज्या बाईला रोज राखेने पातेली घासायची आणि पाट्यावर वाटायचं, तिच्या हातात फार तर एखादं साधं वळं असे, त्याला खडा नसे. राखेत, मातीत वाळूचे बारीक कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आणि सोनं ३ च्याही खाली. रोज सोन्यावर पॉलिश पेपर फिरवण्यातलाच प्रकार.

आता नखांकडे येऊ. प्रॉंग म्हणजे खड्याला वरून धरणारी सोन्याची बारीक नखं. ती आली त्यामागे हिऱ्याचे पैलू होते, आणि ते समजायला आपल्याच भागातला एक हिरा उपयोगी पडतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या खजिन्यातला नाशिकचा हिरा कंपनीच्या हाती लागला. तो आधी त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता असं सांगतात. तो लंडनला गेला, तिथल्या जवाहिऱ्यांना त्याचे हिंदुस्थानी पैलू पसंत पडले नाहीत, आणि त्यांनी तो पुन्हा घडवला. तरी तो ऐंशीच्या आसपास कॅरेटचा राहिला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो परत घडवला तेव्हा उरले त्रेचाळीस कॅरेट. जवळजवळ अर्धा हिरा भुकटी झाला.

कशासाठी? झळाळीसाठी. आपल्याकडे पैलू पाडताना खड्याचं वजन वाचवायचं हा पहिला नियम. असा चपटा खडा स्वतः फारसा चमकत नाही, म्हणून त्याच्या मागे वर्ख लागतो, आणि वर्ख जपायचा तर मागची बाजू बंदच हवी. युरोपातला ब्रिलियंट पैलूंचा हिरा वरून आलेला प्रकाश आतल्या आत फिरवून वरच परत पाठवतो. त्याला वर्ख लागत नाही, म्हणून बंद पाठ लागत नाही, म्हणून लाखही लागत नाही. उलट खडा जितका उघडा आणि उंच, तितका लोकांच्या नजरेत भरणार. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले, बाजारात मुबलक आले, आणि १८८६ मध्ये टिफनी कंपनीने सहा नखांवर उचलून धरलेला एकच हिरा असलेली अंगठी आणली. आज सिनेमात नायक गुडघ्यावर बसून डबी उघडतो, तेव्हा त्यात हीच असते.

नखं बसवायची रीत कुंदनाच्या बरोब्बर उलट. नखाच्या आतल्या बाजूला खड्याच्या कडेच्या उंचीवर एक खाच पाडतात, खडा त्या खाचेत टेकवतात, नखाचं टोक वरून वाकवतात आणि घासून गोल करतात. म्हणजे जिथे सगळा भार यायचा, तिथेच आपण धातू कोरून कमी केलेला असतो. अशा नखाला चोवीस कॅरेटचं सोनं चालणार नाही, ते मेणासारखं वाकेल. बावीसचंही मऊच पडतं. लागतं ते तांबं-चांदी घातलेलं, थोडं ताठ, थोडं स्प्रिंगसारखं सोनं. म्हणून हिऱ्यांचे दागिने साधारणपणे अठरा कॅरेटमध्ये असतात आणि नुसत्या सोन्याचे बावीसमध्ये. दुकानात हे कुणी समजावून सांगत नाही. गिऱ्हाइकाला मात्र वाटत राहतं की अठरा कॅरेट म्हणजे आपल्याला हलका माल दिला.

हा संशय आपल्याकडे किती खोल रुजलाय, ते १९६३ मध्ये दिसलं. चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती, सोन्याची तस्करी जोरात होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आणलं आणि चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने करायला बंदी घातली. चौदा कॅरेट म्हणजे चोवीसातले चौदा भाग सोनं, जेमतेम ५८ टक्के. नखांच्या दृष्टीने बघितलं तर हे सोनं वाईट नाही. अमेरिकेत सर्रास याच सोन्याच्या अंगठ्या लोक आयुष्यभर वापरतात, आणि नखं अठरापेक्षा टणक होतात. पण आपल्या सोनाराचं सगळं कसब मऊ सोन्यावर पोसलेलं. कुंदन तर चौदा कॅरेटमध्ये होऊच शकत नाही, ते आपण वर बघितलं. आणि घरच्या माणसांसाठी दागिना म्हणजे अडीअडचणीची ठेव. निम्मं तांबं-चांदी असलेली ठेव कोण करणार? गिऱ्हाईक थांबलं आणि देशभरातल्या सोनारांचं काम बसलं. त्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न संसदेत गाजला. कित्येकांनी हत्यारं खाली ठेवली आणि दुसरी कामं धरली. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, सुवर्ण नियंत्रणाचा कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. कागदावर एक आकडा बदलला आणि हाताचं कौशल्य एका रात्रीत निरुपयोगी ठरलं. आपल्या धंद्यातल्या लोकांना ही भीती वेगळी समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे याच्या उलटा प्रसंग २०२१ मध्ये आला. सरकारने दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा केला तेव्हा कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने त्यातून वगळले. ज्या वस्तूत चोवीस कॅरेटच्या पट्ट्या, वेगळ्या शुद्धतेचा सांगाडा आणि पोटात लाख, तिच्यावर शुद्धतेचा एक शिक्का मारणार कसा?

तिसरा प्रकार चॅनेल. दोन समांतर भिंती, त्यांच्या आतल्या बाजूला लांबलचक खाच, आणि तिच्यात ओळीने सरकवलेले बारीक खडे, एकाला एक खेटून. दोन खड्यांच्या मध्ये धातू नसतो. यासाठी सगळे खडे मापाने अगदी सारखे हवेत. युरोपात १९२० च्या सुमाराला अशा मापात कापलेल्या खड्यांच्या सरळ रेषांची फॅशन जोरात होती. पुढे सुरतेत बारीक हिऱ्यांना पैलू पाडायचा प्रचंड उद्योग उभा राहिला आणि असे एकसारखे खडे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. चॅनेलचं आकर्षण उघड आहे: पृष्ठभाग गुळगुळीत, वर टोकं नाहीत, रोज घालायला सोयीची. 'वर्किंग वुमन'साठी हीच घ्या, असं दुकानात हमखास सांगतात.

आता हिशोब करू. एकच खडा घ्या, सहा मिलिमीटर व्यासाचा गोल नीलम. त्याचा परीघ जवळजवळ १९ मिलिमीटर. एकेक मिलिमीटर रुंदीची चार नखं दिली तर १९ पैकी ४ मिलिमीटर कड धरलेली, म्हणजे पाचवा हिस्सा. सहा नखं दिली तर तिसरा हिस्सा. बाकी कड उघडी. बेझल, म्हणजे खड्याभोवतीची अखंड पट्टी, आपल्या कोंदणाची आजची आवृत्ती, ही सगळीच्या सगळी कड झाकते. चॅनेलमध्ये सहा मिलिमीटरचा गोल खडा सहसा बसवत नाहीत. तिथे दोन-अडीच मिलिमीटरचे सात-आठ खडे असतात, प्रत्येकाला फक्त दोन बाजूंनी आधार.

ही अंगठी घालून दिवस काढा. सकाळी कणीक मळली, भांडी घासली, बाइकची मूठ धरली, जिममध्ये डंबेल उचललं, संध्याकाळी बॅगेत हात घालून किल्ली शोधली. नखांच्या अंगठीवर सगळ्यात वाईट प्रसंग बॅगेचा. नख अस्तराच्या धाग्यात अडकतं, आपण हात ओढतो, नख केसभर उचकटतं. दिसत नाही. पण तिथून पुढे ते आणखी सहज अडकतं. चार नखांतलं एक गेलं तर खडा त्या बाजूने निसटायला मोकळा. सहातलं एक गेलं तर तो बहुधा टिकून राहतो, म्हणजे सोनाराकडे जायला आपल्याला वेळ मिळतो. टिफनीच्या सहा नखांमागचं शहाणपण हे. नखांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे: ती बिघडली की सांगतात. अंगठी मऊ सुती कापडावर किंवा जुन्या ओढणीवर हळूच फिरवा. धागा ओढला गेला तर नख उचकटलंय.

चॅनेलला बॅगेने काही होत नाही, तिला मारते ती डंबेलची दांडी. घट्ट मुठीत दांडी धरली की अंगठीवर खालून दाब येतो आणि गोल अंगठी किंचित लंबगोल होते. नखांच्या किंवा बेझलच्या अंगठीत त्याने वरच्या खड्याला फारसा फरक पडत नाही. चॅनेलमध्ये मात्र अंगठीची कमान हीच खड्यांची बैठक. कमान वाकली की भिंती जागोजागी किंचित फाकतात, आणि एक नाही, तीन-चार खडे एकदम सैल होतात. खेटून बसलेले असल्यामुळे ते एकमेकांवर घासत राहतात, कडा टवकारतात. ओळखायचं कसं, तर अंगठी कानाशी धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारायची. बारीक खुळखुळ आली की समजा. आणि बोट जाड झालं म्हणून अंगठी वाढवून घ्यायला गेलात तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. खडे अर्ध्याच गोलात असतील तर खालून कापून जमतं, पूर्ण गोलात असतील तर नाही म्हणूनच सांगतात.

बेझलवर या दिवसाचे नुसते ओरखडे उठतात. अठरा कॅरेटची अर्धा-पाऊण मिलिमीटरची भिंत झिजायला कित्येक वर्षं लागतात, आणि एका जागी दबली तरी बाकीची भिंत खडा धरून ठेवते. कडेवरचा आपट सोन्यावर जातो. हे हिऱ्यालाही लागू आहे. हिरा ओरखडत नाही, पण कडेवर नेमका फटका बसला तर त्याचा टवका उडतो. बेझलने चमक मारली जाते असं म्हणतात. नीट पैलू पाडलेल्या हिऱ्यात प्रकाश मुख्यतः वरूनच शिरतो आणि वरूनच बाहेर येतो, त्यामुळे हा तोटा वाटतो तितका नसतो. बेझलचे खरे तोटे दोन. एक, बसवताना कड सगळीकडून दाबावी लागते, आणि पाचूसारखा आतून भेगाळलेला खडा त्या दाबानेच तडकू शकतो. दुसरा, बंद पाठीच्या बेझलमध्ये कणकेचा आणि साबणाचा थर खड्याखाली साठत जातो.

दुसऱ्या तोट्यावरचा उतारा पुण्यात कधीपासून आहे, आणि तोही भलत्याच कारणासाठी. खडा त्वचेला टेकला पाहिजे, असं पत्रिका बघणारे सांगतात. म्हणून पुष्कराज, माणिक किंवा पोवळ्याची अंगठी करताना सोनार भोवती अखंड भिंत घालतो आणि खालची बाजू उघडी ठेवतो. ग्रहांचं ग्रहांपाशी, पण हाताने काम करणाऱ्यासाठी हीच बैठक सगळ्यात शहाणी. कड झाकलेली, टोकं नाहीत, लाख नाही, आणि खालून जुन्या टूथब्रशने साफ करता येते. गॅरेजमधल्या मेकॅनिकच्या बोटात अशी अंगठी वर्षानुवर्षं टिकलेली दिसते.

अर्थात भिंत खडा पडू देत नाही, झिजू देते. पोवळं आणि मोती काठिण्याच्या मोजपट्टीवर ३ च्या आसपास, वर लिंबानेसुद्धा विरघळणारे. पोवळ्याचा घुमट भिंतीच्या वर असतो, तो घासला जाणारच. त्याला कुठलीच बैठक वाचवत नाही, काम करताना काढून ठेवणं हाच उपाय. पुष्कराज, नीलम, माणिक यांची गोष्ट वेगळी, ते ८-९ च्या घरातले.

आणि एक गोष्ट खड्याची नाही, बोटाची. लेथवर किंवा ड्रिलवर अंगठी घालूच नये, कुठलीही. अंगठी फिरत्या भागात अडकली तर बोटाची कातडी सोलवटून निघते, आणि तिथे भक्कम अंगठी जास्त वाईट, कारण ती तुटत नाही.

रविवार पेठेच्या आसपासच्या गल्ल्यांत आज खडे बसवणाऱ्यांमध्ये पुष्कळ कारागीर बंगालचे आहेत. पुढच्या वेळी अंगठी करायला टाकाल तेव्हा डिझाइनच्या आधी त्यांना एवढंच सांगा की या हाताने रोज काय काय करता. कणीक, बाइक, डंबेल, जे असेल ते. बैठक कोणती हवी, ते त्यातूनच ठरतं.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.